रविवारची तयारी: बटाटा, पेला आणि सॉसची पुडी

येत्या रविवारी बिल्डिंगमधली मुलं ज्यांच्या घरी जमणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतेय. आमच्याकडे अकरा जण होती, धाकटी चार वर्षांची आणि थोरला आठवीतला. मी पाण्याच्या प्रयोगांचे तीनच कोपरे मांडले: मिठाचं पाणी, पालथा पेला आणि पाण्याची बाटली. पहिल्या कोपऱ्यात पाणी जड होतं, दुसऱ्यात हवा आक्रसते आणि तिसऱ्यात या दोन्ही गोष्टी एकत्र कामाला येतात, म्हणून क्रम बदलू नका. पेटत्या मेणबत्तीवर पेला पालथा घालण्याचा प्रयोग मी मुद्दाम वगळला. एक तर घरात चार वर्षांची पोर, आणि दुसरं म्हणजे ‘ऑक्सिजन संपला म्हणून पाणी वर चढलं’ असं जे सांगितलं जातं ते बरोबर नाही. पाणी चढतं ते मुख्यतः ज्योत विझल्यावर आतली हवा थंड होते म्हणून.

तिसऱ्या कोपऱ्यातल्या बाटलीत सोडायच्या सॉसच्या पुड्या शुक्रवारीच शोधायला लागा, कारण वेळ त्यांनाच लागतो. पिझ्झाबरोबर, चायनीजबरोबर आलेल्या आणि फ्रिजच्या दारात साठलेल्या सगळ्या बाहेर काढा. पातेल्यात पाणी घेऊन एकेक पुडी सोडून बघा. माझ्याकडे नऊ होत्या. तीन थेट तळाला गेल्या, चार आडव्या पडून तरंगत राहिल्या आणि दोन उभ्या राहिल्या, फक्त एक कोपरा पाण्याबाहेर. या दोनच कामाच्या. पुडीत सॉससोबत थोडी हवा अडकलेली असते आणि ती किती, यावर सगळं ठरतं. आडव्या तरंगणाऱ्या पुडीच्या चिकटवलेल्या कडेत एखादी सेफ्टी पिन अडकवली तर तीही चालते. पिन कडेतच हवी, पोटात घुसली तर बाटलीत टोमॅटोचं सार. तळाला गेलेल्या पुड्याही टाकू नका, बाटलीत मीठ घालून त्यांना वर आणता येतं.

शनिवारी बटाटे बघा. खरं तर हा अंड्याचा प्रयोग, पण आमच्या मजल्यावर दोन घरांत अंडं चालत नाही. बटाटाही तसाच वागतो, साध्या पाण्यात बुडतो आणि मिठाच्या पाण्यात तरंगतो. 250 मिली पाण्याला साधारण 35 ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट भरलेले दोन मोठे चमचे पुरतात. बटाट्याबटाट्यात फरक असतो, म्हणून ज्याची फोड वापरायची तोच बटाटा आधी तपासा. एखादा हट्टी निघाला तर अर्धा चमचा मीठ वाढवा. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होऊन गोळे धरतं आणि चमच्याचं माप फसतं, तेव्हा वजनकाटा असेल तर तोच वापरा. मीठ पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा आणि मग पाणी स्थिर होऊ द्या.

इथे कुणीतरी विचारणारच, की मग जुहूच्या समुद्रात बटाटा तरंगेल का? आमच्याकडे पाचवीतल्या मुलीने विचारलं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि आपण तेवढंच मीठ पाव लिटरात घातलंय. तिला चार पट पाणी घेऊन समुद्र करायला सांगितलं. बटाटा बुडाला. त्यामुळे एक मोठं पातेलं जास्तीचं काढून ठेवा. अगदी लहानांसाठी एक संत्रं सालीसकट आणि एक सोललेलं, एवढं पुरे. सालीतल्या हवेमुळे पहिलं तरंगतं, दुसरं बुडतं, आणि मग दोन्ही खाऊन टाकतात.

रविवारी सकाळी पाणी येईल तेव्हाच एक खोल बादली भरून घ्या, मुलं येईपर्यंत नळ गेलेला असतो. दुसऱ्या कोपऱ्याला काचेचा किंवा पारदर्शक प्लॅस्टिकचा सरळसोट पेला लागतो. स्टीलचा नको, आतलं दिसत नाही. तळाशी टिश्यू पेपर घट्ट कोंबा, पेला उलटा करून हलवून बघा, पडता कामा नये. मग पेला अगदी सरळ, उपडा, पाण्यात दाबायचा. कागद कोरडा राहतो. पेला तिरका झाला की बुडबुडा निसटतो आणि कागद भिजतो, म्हणून चार-पाच कोरडे टिश्यू हाताशी ठेवा. लहानांचा खेळ एवढ्यावर संपतो. मोठ्यांना पेल्याच्या काठाकडे बघायला सांगा. बादलीत 30 सेंटिमीटर खाली नेल्यावर 10 सेंटिमीटर उंच पेल्यात पाणी जेमतेम तीन मिलिमीटर चढलेलं दिसतं. दहा मीटर, म्हणजे साधारण तीन मजली इमारतीएवढ्या उंच पाण्याचा भार आपल्यावरच्या हवेच्या दाबाइतका असतो. 30 सेंटिमीटरचा भार त्याच्या तीन टक्के, म्हणून हवाही साधारण तेवढीच आक्रसते. आठवीतल्याने पेल्यावर रबरबँड लावून हे मोजलं.

आता बाटली. एक लिटरची, पातळ प्लॅस्टिकची घ्या. कोल्ड्रिंकची जाड बाटली चिमुकल्या हातांना दाबवत नाही. पुडी आत सरकवा, पाणी अगदी काठोकाठ भरा आणि झाकण लावा. वर हवा राहिली की दाबलेला जोर ती हवा दाबण्यातच जातो आणि पुडी ढिम्म हलत नाही. बाटली दाबली की पाणी तो दाब पुडीपर्यंत पोचवतं, आतली हवा आक्रसते, पुडी बारीक होते. वजन तेवढंच, पण बाजूला सारलेलं पाणी कमी, म्हणून ती बुडते. सोडलं की वर. धाकटीने ‘जा’ म्हणत दाबायचं आणि ‘ये’ म्हणत सोडायचं, मोठ्यांनी मीठ आणि पिना घालून पुडी जुळवायची.

माझी चूक सांगते. मी शनिवारी रात्रीच बाटली भरून ठेवली. सकाळी कितीही दाबलं तरी पुडी खाली जाईना. जवळून पाहिलं तर पुडीभर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे चिकटले होते. नळाच्या पाण्यात विरघळलेली हवा रात्रभरात सुटली होती आणि ते बुडबुडेच पुडीला उचलून धरत होते. बाटलीवर टिचक्या मारल्यावर सुटले. तेव्हा बाटली मुलं यायच्या अर्धा तास आधी भरा.

उलटही होतं. पुडी खाली जाते आणि सोडल्यावरही तळाशीच बसून राहते. ती फारच काटेकोर जुळलेली असते, आणि तळाला वरच्या पाण्याचा जो थोडा जास्त भार पडतो तेवढाही तिला पुरतो. बाटली उलटी करा, वर येईल. पुन्हा तसंच झालं तर पिन काढा, पिन नसेल तर चिमूटभर मीठ घाला. म्हणून या कोपऱ्यात मिठाची वाटी आणि नरसाळं हवं.

फरशीवर जुनी चादर टाका. वर्तमानपत्रं भिजून पायाला चिकटतात. संत्र्याच्या सालींसाठी एक रिकामं ताट ठेवा. नऊपैकी माझ्या दोन चांगल्या पुड्या डब्यात जपून ठेवल्यात, हव्या असतील तर बेल वाजवा.