आधी मान बघा, मग पाय

फायनल इयरच्या प्रीलिमला मला मेडिसिनची लाँग केस आली ती बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड कामगार ताईंची. वय ३४. दोन्ही पाय घोट्यापर्यंत सुजलेले, पोट जड, चार घास खाल्ले की पोट भरतं. हिस्ट्री घेताना त्या म्हणाल्या, "आधी लई दम लागायचा दादा. फडात मोळी उचलली की छाती भरून यायची, रातच्याला उठून बसावं लागायचं. आता तसं न्हाई, दम कमी झालाय. पर पाय सुजाय लागलेत."

मी सरांसमोर ठोकून दिलं की श्वासाचा त्रास सुधारलाय आणि आता उजव्या बाजूचं हार्ट फेल्युअर आहे. सरांनी चष्म्यावरून बघितलं. "सुधारलाय? मग आजार कमी झालाय म्हणायचा का?" माझी वाचा बसली.

आम्ही सगळ्यांनी डाव्या आणि उजव्या हार्ट फेल्युअरचे दोन रकाने पाठ केले होते. डावीकडे दम, क्रेपिटेशन्स, गुलाबी फेसाळ बेडका. उजवीकडे पायाची सूज, वाढलेलं लिव्हर, फुगलेली मान. एका ओळीच्या एमसीक्यूला हे रकाने पुरतात. पण पेशंटमध्ये दोन्ही रकान्यांतली लक्षणं एकत्र दिसली की पाठांतर तिथंच अडतं. म्हणून मी आता रकाना शोधत नाही, रक्त कुठं तुंबलंय ते शोधतो. पाटाचं दार बंद झालं की पाणी दाराच्या मागच्या बाजूला चढतं, पुढची चारी कोरडी पडते. हृदयाचंही तसंच. जी बाजू रक्त पुढं ढकलू शकत नाही, तिच्या मागे दाब वाढतो.

डाव्या बाजूच्या मागे फुफ्फुसं आहेत. तिथल्या केशवाहिन्यांतला दाब एरवी साधारण ८ ते १२ मिलिमीटर पारा असतो. रक्तातली प्रथिनं पाणी आत धरून ठेवतात, पण दाब २५ च्या आसपास गेला की त्यांचं काही चालत नाही आणि पाणी आधी फुफ्फुसाच्या जाळीत, मग हवेच्या पिशव्यांत उतरतं. आडवं झालं की पायातलं आणि पोटातलं रक्त छातीकडे येतं, आधीच भरलेल्या फुफ्फुसांत भर पडते, हाच ऑर्थोप्निया. झोपल्यावर तास-दोन तासांनी पायात साठलेलं पाणीही हळूहळू रक्तात परत येतं आणि पेशंट गुदमरून उठून बसतो; ती पीएनडी. पुस्तकात 'किती उशा लागतात' असं विचारायला सांगितलंय. आमच्याकडे गोधडीवर झोपणाऱ्याला हा प्रश्न विचारून उपयोग नाही. "सपाट झोपता येतं का, की भिंतीला टेकून बसावं लागतं?" असं विचारा, उत्तर लगेच मिळतं.

उजव्या बाजूच्या मागे अख्खं शरीर आहे, आणि त्यातली सर्वांत जवळची खिडकी म्हणजे मान. उजव्या इंटर्नल ज्युग्युलरमधला रक्ताचा स्तंभ थेट उजव्या एट्रियमशी जोडलेला असतो. पेशंटला ४५ अंशांवर टेकवा, स्टर्नल अँगलपासून स्तंभाच्या वरच्या टोकाची उभी उंची मोजा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर जेव्हीपी वाढलेली. त्यात ५ मिळवले की उजव्या एट्रियमच्या दाबाचा अंदाज सेंटिमीटर पाण्यात मिळतो.

इथं माझी दुसरी चूक झाली होती. मी सांगितलं, "सर, जेव्हीपी दिसत नाही." त्यांनी ताईंना सरळ ताठ बसवलं, तर जबड्याखाली स्पंदन स्वच्छ दिसायला लागलं. स्तंभ इतका चढला होता की ४५ अंशांवर त्याचं टोक कानामागे लपलं होतं. जेव्हीपी सापडली नाही की आधी दोन शक्यता डोक्यात आणा, फार कमी आहे किंवा फार जास्त आहे. मग पेशंटला कमी-जास्त कोनात बसवून बघा.

पाय मात्र फसवतात. खड्डा पडेल इतकी सूज यायला शरीरात काही लिटर पाणी साठावं लागतं, म्हणजे ते उशिराचं लक्षण. त्यात अॅम्लोडिपिन घेणाऱ्याचे पाय सुजतात, अल्ब्युमिन कमी असलेल्याचे सुजतात, लांबच्या एसटी प्रवासानंतरही सुजतात. या सगळ्यांत मान साधारणपणे शांत असते. आणि जो पेशंट आठवडाभर अंथरुणावर आहे, त्याची सूज पायाला नसून कमरेखाली, सेक्रमवर असते. पाठ न बघता 'इडिमा नाही' असं लिहून मार्क घालवणारे माझ्या बॅचमध्ये तिघं होते.

आता ताईंकडे परत येऊ. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, हे दोनदा खोदून विचारल्यावर कळलं. पहिला ठोका जोरात, एपेक्सवर डायस्टोलिक मर्मर: मायट्रल स्टेनोसिस. या झडपेची मोकळी जागा एरवी ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते, १.५ किंवा त्याहून कमी झाली की आजार तीव्र धरतात. यात डावं व्हेंट्रिकल बहुधा चांगलं असतं, तरी फुफ्फुसं तुंबतात, कारण अडथळा त्याच्या अलीकडे आहे. 'डाव्या बाजूची लक्षणं म्हणजे डावं व्हेंट्रिकल कमजोर' हे गृहीत धरणारा इथंच पडतो.

पुढची गोष्ट सरांनी माझ्याकडून वदवून घेतली. डाव्या एट्रियममागचा दाब वर्षानुवर्षं चढता राहिला की फुफ्फुसातल्या छोट्या धमन्या आकसतात आणि त्यांच्या भिंती जाड होतात. झडपेच्या आधी जणू दुसरा बांध पडतो. त्याविरुद्ध उजव्या व्हेंट्रिकलला ढकलावं लागतं. ते फुगतं, थकतं, आणि फुफ्फुसात रक्त कमी पाठवायला लागतं. रक्तच कमी पोचलं म्हणून फुफ्फुसांची तुंबी उतरली, रात्रीचा दम कमी झाला. तेच रक्त मागे मानेत, लिव्हरमध्ये, पायात चढलं. म्हणजे ताईंचा 'दम कमी झालाय' हा आजार एक टप्पा पुढं गेल्याचा पुरावा होता. उरोस्थीच्या डाव्या कडेला हात ठेवल्यावर उजवं व्हेंट्रिकल तळहात उचलत होतं, पी टू जोरात होता, लिव्हर हाताखाली दर ठोक्याला उडत होतं. म्हणजे ट्रायकस्पिड झडपही गळत होती.

म्हणून लेखी केसमध्ये दोन्ही बाजूंची लक्षणं असली तर लक्षणांचा क्रम बघा. आधी दम, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी सूज, तर सुरुवात डावीकडून झाली आणि उजवी बाजू तिच्यामागे गेली. उजव्या फेल्युअरचं सर्वांत नेहमीचं कारण डावं फेल्युअरच आहे, हा प्रश्न दरवर्षी या ना त्या रूपात येतो. उलट आयुष्य चुलीच्या धुरात किंवा बिडीत गेलेलं, त्यातून खोकला, निळे ओठ आणि मग सूज, तर कॉर पल्मोनेल. त्यालाही दम असतो, पण तो फुफ्फुसाच्या आजाराचा. तेवढ्यावरून डावी बाजू टिकमार्क करू नका.

एक केस मात्र मला आवडते, कारण तिथं तुंबी नुसती उजवीकडे असते. छातीत दुखतंय, ईसीजीत इन्फिरिअर एमआय, बीपी ८० वर, मान फुगलेली, आणि स्टेथोस्कोप पाठीवर फिरवला तर फुफ्फुसं अगदी स्वच्छ. हा उजव्या व्हेंट्रिकलचा इन्फार्क्ट. खात्रीसाठी व्ही फोर आर लीड लावतात. मान फुगलीय म्हणून फ्रुसेमाइड आणि छातीत दुखतंय म्हणून जिभेखाली नायट्रेट, असं लिहिणारा उत्तरपत्रिकेत पेशंट घालवतो. ते व्हेंट्रिकल भरतीच्या दाबावर कसंबसं चाललेलं असतं, आणि ही दोन्ही औषधं नेमका तोच दाब काढून घेतात.