पहिल्या जाहिरातीचे आकडे कसे वाचावेत: इम्प्रेशन, रीच, क्लिक आणि कन्व्हर्जन

जाहिरात सुरू केली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फेसबुकच्या अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे जाहिरातीच्या अहवालाच्या पानावर, सगळ्यात मोठा दिसणारा आकडा असतो इम्प्रेशनचा, आणि सगळ्यात लहान असतो कन्व्हर्जनचा. नवीन माणूस मोठ्या आकड्याने खूश होतो, लहान आकड्याने खचतो आणि या दोहोंच्या मध्ये काय घडलं ते बघायचं राहून जातं. खरी माहिती तिथेच असते. एका आकड्यापासून पुढच्या आकड्यापर्यंत येताना माणसं कुठे गळाली, हे शोधायला शिकायचं.

उदाहरण एकच घेऊ. समजा, फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर एका ऑनलाइन चित्रकला वर्गाची जाहिरात पाच दिवस चालवली. जाहिरातीवर टॅप केलं की वर्गाची माहिती देणारं पान उघडतं आणि त्या पानावर नोंदणीचा फॉर्म आहे. पाच दिवसांनंतरचे आकडे असे: इम्प्रेशन १८,०००, रीच ७,२००, एकूण क्लिक ३१०, लिंकवरचे क्लिक १५०, पान उघडल्याची नोंद ९६ आणि कन्व्हर्जन, म्हणजे इथे नोंदण्या, ४.

पायरी १: इम्प्रेशनला रीचने भागा

इम्प्रेशन म्हणजे जाहिरात किती वेळा स्क्रीनवर आली. ती कुणी वाचली की बोटाने वर सरकवून दिली, हे त्यात कळत नाही. रीच म्हणजे ती किती वेगवेगळ्या माणसांसमोर आली. एकाच माणसाला ती तीनदा दिसली तर इम्प्रेशन तीन, रीच एक.

आपल्या उदाहरणात १८,००० भागिले ७,२०० म्हणजे २.५. सरासरी प्रत्येकाला जाहिरात अडीच वेळा दिसली. ‘Frequency’ या रकान्यात हाच आकडा तयार मिळतो. पाच दिवसांत अडीच ही काळजीची गोष्ट नाही. पण हा आकडा दिवसेंदिवस चढतोय आणि क्लिक मात्र कमी होत चाललेत, असं दिसलं तर त्याच त्या माणसांना तीच जाहिरात पुन्हापुन्हा दिसतेय. अशा वेळी प्रेक्षकवर्ग वाढवा किंवा चित्र आणि मजकूर बदला. बजेट वाढवून हे सुटत नाही.

इथे एक चूक सर्रास होते. रोजचे इम्प्रेशन जोडले तर एकूण बरोबर येतात. रीच मात्र जोडता येत नाही. सोमवारी आणि मंगळवारी त्याच माणसाला जाहिरात दिसली तर तो दोन्ही दिवसांच्या रीचमध्ये येतो, पण दोन दिवसांच्या एकत्रित रीचमध्ये एकदाच. म्हणून रीच पाहताना पूर्ण कालावधीच निवडा. शिवाय तो अंदाजाने काढलेला आकडा असतो, मोजून घेतलेला नव्हे.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. फेसबुक-इन्स्टाग्रामवर बहुतेक वेळा पैसे इम्प्रेशनचे कापले जातात. म्हणजे इम्प्रेशन हे तुम्ही विकत घेतलेलं आहे, कमावलेलं नाही. गुगलच्या सर्च जाहिरातीत साधारणपणे क्लिकचे पैसे लागतात, त्यामुळे तिथे इम्प्रेशन भरपूर आणि क्लिक कमी असले तरी त्याचा थेट खर्च पडत नाही.

पायरी २: कुठले क्लिक, ते ओळखा

३१० क्लिक म्हणजे ३१० लोक पानावर आले, असं नाही. ‘Clicks (all)’ या रकान्यात लाइक, कमेंट, शेअर, पेजच्या नावावर टॅप, मजकूर पूर्ण वाचण्यासाठी केलेलं टॅप असं सगळं येतं. पानाकडे नेणारे क्लिक ‘Link clicks’ मध्ये असतात आणि आपल्याकडे ते १५० आहेत. इम्प्रेशनच्या तुलनेत ते ०.८३ टक्के होतात. क्लिकचं हे प्रमाण म्हणजेच ‘CTR’. त्याच्या नावाने दोन रकाने असतात, एक सगळ्या क्लिकचा, एक लिंकचा. कामाचा दुसरा.

पायरी ३: क्लिक आणि पान यांतली गळती बघा

हा भाग नवीन लोकांना माहीतच नसतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. १५० जणांनी लिंक दाबली, पण पान पूर्ण उघडल्याची नोंद फक्त ९६ वेळा झाली. ही नोंद ‘Landing page views’ मध्ये मिळते आणि ती मिळायला तुमच्या पानावर पिक्सेल, म्हणजे भेटींची नोंद फेसबुकला कळवणारा छोटा कोड, बसवलेला असावा लागतो. उरलेले ५४ क्लिक कुठे गेले? काही चुकून पडलेले असतील. काही लोक पान उघडायची वाट बघून परत गेले असतील.

दोन्हींतलं काय, ते तपासता येतं. आधी वाय-फाय बंद करून, मोबाइल डेटावर, साध्या फोनमध्ये स्वतःची जाहिरात उघडा. मोठमोठ्या फोटोंमुळे पान पाच-सात सेकंद पांढरंच राहत असेल तर उत्तर मिळालं. फोटो लहान करा. पान झटकन उघडत असेल तर अहवालात ‘Breakdown’ मधून जाहिरात कुठे कुठे दिसली ते बघा. एखाद्या ठिकाणाहून क्लिक ढीगभर आणि पान उघडल्याच्या नोंदी नगण्य असतील, तर तिथले क्लिक बहुधा चुकूनच पडलेले आहेत. ते ठिकाण बंद करा.

पानावर पोहोचलेल्या ९६ जणांपैकी ४ जणांनी नोंदणी केली, म्हणजे सुमारे ४.२ टक्के. ५४ पैकी निम्मे जरी खरे इच्छुक असतील आणि पान वेळेत उघडलं असतं, तर याच प्रमाणात आणखी एक नोंदणी झाली असती. जाहिरातीवर एक पैसाही जास्त न घालवता.

पायरी ४: कन्व्हर्जन स्वतःच्या यादीशी ताडून पाहा

कन्व्हर्जन म्हणजे तुम्हाला हवी होती ती कृती: खरेदी, नोंदणी, फोन. ती काय हे तुम्हीच ठरवता, त्यामुळे चूक झाली तर तीही इथेच होते. कन्व्हर्जन ‘फॉर्मचं पान उघडलं’ यावर लावलं, तर फॉर्म न भरलेलेही मोजले जातात. ते फॉर्म पाठवल्यानंतर येणाऱ्या ‘धन्यवाद’च्या पानावर लावा. मग स्वतः एक फॉर्म भरा, ‘धन्यवाद’चं पान दोनदा रिफ्रेश करा आणि पिक्सेलच्या नोंदी दाखवणाऱ्या फेसबुकच्या इव्हेंट्स मॅनेजरमधल्या ‘Test events’ मध्ये बघा. एका फॉर्मच्या तीन नोंदी दिसल्या, तर आकडा फुगणार हे नक्की. गुगल अ‍ॅड्समध्ये नोंदणीसाठी मोजणी ‘One’ वर ठेवली की एका क्लिकमागे एकच कन्व्हर्जन धरलं जातं.

सगळं नीट लावूनही तुमच्या यादीशी आकडा तंतोतंत जुळेलच असं नाही. फेसबुकच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये क्लिकनंतर ७ दिवसांत आणि जाहिरात नुसती दिसल्यावर १ दिवसात झालेली कृती जाहिरातीच्या नावावर जाते. म्हणजे क्लिक न करता, मैत्रिणीने पाठवलेल्या लिंकवरून आलेली व्यक्तीही तिथे मोजली जाऊ शकते. उलट, ज्यांच्या फोनमध्ये ट्रॅकिंग बंद आहे त्यांची खरी नोंदणी सुटू शकते. म्हणून खर्चाला भागायचं ते तुमच्या यादीतल्या खऱ्या नोंदण्यांनी. एका नोंदणीमागे पडलेला खर्च एका विद्यार्थ्यामागे तुमच्या हाती उरणाऱ्या रकमेपेक्षा कमी आहे का, एवढं बघा.

मात्र चार नोंदण्यांवर दोन जाहिरातींची तुलना करू नका. एकीला चार आणि दुसरीला सहा मिळाल्या, तर तो नुसता योगायोग असू शकतो. नोंदण्या पुरेशा जमेपर्यंत तुलना लिंक क्लिक आणि पान उघडण्याच्या प्रमाणावर करा, कारण ते आकडे मोठे असतात आणि लवकर स्थिरावतात. क्लिकनंतर विचार करून दोन-चार दिवसांनी नोंदणी करणारेही असतात, म्हणून जाहिरात थांबवल्यावर आठवडाभराने अहवाल पुन्हा उघडा आणि मगच खर्चाचा भागाकार करा.