पासबुक जोडलं, तरी शिष्यवृत्ती आली नाही? आधी ही चूक तपासा

कॉलेजात शिष्यवृत्तीचे अर्ज तपासायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे "सर, खात्याला आधार लिंक आहे, तरी पैसे आले नाहीत" हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो. सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याचं आधार बँकेत खरंच नोंदवलेलं असतं, पण ती नोंद केवायसीची असते. सरकारी पैसे यायला लागते ती नोंद वेगळी.

डीबीटीचे आधारवर आधारित पैसे तुमच्या पासबुकातला खाते क्रमांक बघून येतच नाहीत. ते आधार क्रमांकावर निघतात आणि एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडच्या यादीतून जातात. तिला मॅपर म्हणतात. या यादीत तुमच्या आधारासमोर फक्त एका बँकेचं नाव असतं, खाते क्रमांक नसतो. पैसे त्या बँकेकडे जातात आणि तिच्याकडे ज्या खात्याला तुमचं आधार जोडलेलं आहे, त्यात ती ते जमा करते. आधार चार बँकांत दिलेलं असलं, तरी मॅपरमध्ये एका वेळी एकच बँक राहते. शेवटी जिची नोंद झाली ती.

आमच्याच एका विद्यार्थिनीचं बघा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या अर्जाला तिने गावच्या बँकेचं पासबुक जोडलं होतं. महाडीबीटीवर पैसे वितरित झाल्याचं दिसत होतं, खात्यात मात्र काही नाही. तिची आई दोनदा एसटीने तालुक्याला जाऊन पासबुक भरून आली. दोन्ही वेळा शाखेतून एकच उत्तर मिळालं, "आधार लिंक आहे." ते उत्तर चुकीचं नव्हतं, प्रश्न चुकीचा होता.

मग आम्ही तिच्या मोबाइलवर myaadhaar.uidai.gov.in उघडलं. आधार क्रमांक टाकला, ओटीपी टाकला आणि `Bank Seeding Status` वर गेलो. `Congratulations` बघून ती म्हणाली, "बघा सर, झालेलं आहे!" इथेच बहुतेक जण फसतात. पानावर खाली बँकेचं नाव असतं, ते कुणी वाचत नाही. तिथे एका पेमेंट्स बँकेचं नाव होतं. दोन वर्षांपूर्वी गावात शिबिर लागलं होतं, तेव्हा अंगठा देऊन तिने खातं उघडलं होतं आणि त्याच वेळी मॅपरमधली बँक बदलली होती. ते खातं ती विसरूनही गेली होती. शिष्यवृत्ती त्याच खात्यात सुरक्षित पडलेली होती.

म्हणून त्या पानावर तीन गोष्टी बघा: बँकेचं नाव, स्थिती `Active` आहे की `Inactive`, आणि शेवटचा बदल कधी झाला ती तारीख. `Active` असेल आणि बँक दुसरीच असेल, तर पैसे आधी तिथे शोधा. `Inactive` असेल किंवा नोंदच नसेल, तर पैसे कुठेही जमा झालेले नसतात, ते विभागाकडे परत जातात. एकाच बँकेत तुमची दोन खाती असतील, तर मात्र हे पान पुरत नाही, कारण तिथे खाते क्रमांक दिसत नाही. कोणत्या खात्याला डीबीटी लावलंय हे शाखेतच विचारावं लागतं.

बँक बदलायची असेल तर ज्या खात्यात पैसे हवेत त्या शाखेत जा, जुन्या बँकेत नाही. "आधार लिंक करा" एवढंच म्हणू नका. "एनपीसीआय मॅपिंगचा डीबीटीचा फॉर्म द्या," असं स्पष्ट सांगा. या फॉर्मवर नवीन नोंद आणि दुसऱ्या बँकेतून बदल असे वेगळे पर्याय असतात. आधीची नोंद असताना लोक नवीनवर खूण करतात आणि अर्ज अडकतो. बदलाच्या पर्यायावर खूण करून जुन्या बँकेचं नाव लिहा, सही करा आणि पोच घ्याच. काही दिवसांनी तेच पान पुन्हा उघडून नवं नाव आलं का बघा. ते दिसेपर्यंत काम झालं असं धरू नका.

आणखी एक, खातं चालू हवं. दोन वर्षं ग्राहकाने स्वतः काहीच व्यवहार केला नाही, तर बँक ते निष्क्रिय करते. अशा वेळी आधी केवायसी देऊन खातं सुरू करून घ्या, मॅपिंगचा फॉर्म त्यानंतर द्या.

नोंद बदलली की पुढचे हप्ते नव्या खात्यात येतात, जुन्या बँकेत आधीच जमा झालेले पैसे मात्र आपोआप सरकत नाहीत. त्या मुलीने ते पेमेंट्स बँकेतून काढून घेतले. ज्यांचे पैसे विभागाकडे परत गेलेत, त्यांनी मॅपिंग `Active` झाल्याच्या पानाची प्रिंट आणि अर्ज क्रमांक घेऊन कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात यावं. रक्कम पुन्हा पाठवायची विनंती तिथूनच वर जाते.