खालच्या भिंतीचा झटका: रात्रपाळीला बसण्याआधी

कॅज्युअल्टीत बसण्याआधी ईसीजीचा कागद आणि जेल बघताच, त्याच्याशेजारी एक सुती टॉवेलही ठेवा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पेशंट आधीच घामाने निथळत येतो. छाती कोरडी केली नाही तर इलेक्ट्रोड घसरतात, रेषा थरथरते आणि अर्ध्या मिलिमीटरचा फरक वाचता येत नाही. इथे सगळं त्या अर्ध्या मिलिमीटरवर येऊन ठेपतं.

मग डोक्यातली आकृती ताजी करा. लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये एसटी वर गेला की हृदयाची खालची भिंत. तिला बहुतेकांमध्ये उजवी कोरोनरी रक्त देते, थोड्यांमध्ये डावी सर्कमफ्लेक्स. लीड ३ खालच्या भिंतीकडे उजवीकडून बघते, लीड २ डावीकडून. म्हणून ३ मधली उंची जास्त असेल तर संशय उजव्या कोरोनरीवर. २ मधली बरोबरीची किंवा जास्त असेल आणि व्ही५, व्ही६ही उचलले असतील, तर सर्कमफ्लेक्सवर.

समजा, यंत्रमागावरचे पंचावन्न वर्षांचे एक काका "ॲसिडिटी झालीय" म्हणत येतात. नाडी ४८, बीपी ९०/६०. एसटी लीड २ मध्ये २ मिमी वर, ३ मध्ये ३ मिमी वर, लीड १ मध्ये १ मिमी खाली, एव्हीएलमध्ये २ मिमी खाली. इथे बरेच जण तीन पुरावे मोजतात: ३ मोठी, १ खाली, एव्हीएल खाली. पण लीड १ म्हणजे लीड २ वजा लीड ३, आणि एव्हीएल म्हणजे १ वजा ३ याचं निम्मं. आकडे घालून बघा, बरोबर उणे १ आणि उणे २ येतात. म्हणजे पुरावा एकच, तीनदा छापलेला.

वेगळा पुरावा छातीवर मिळतो. व्ही४ची वायर काढून उजव्या बाजूला, पाचव्या बरगडीखालच्या फटीत, कॉलरबोनच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर लावा. मशीन तरीही व्ही४च छापणार, म्हणून खिशात पेन हवं: तिथल्या तिथे कागदावर व्ही४आर लिहा. अर्धा मिलिमीटर उंचीही पुरे. हे लगेच काढा, कारण ही खूण काही तासांत पुसली जाऊ शकते.

काकांचा व्ही४आर १ मिमी वर आला. म्हणजे उजवी कोरोनरी सुरुवातीलाच बंद आणि उजवा व्हेंट्रिकलही सापडलेला. जिभेखालची नायट्रेटची गोळी दिली तर बीपी कोसळेल. ट्रेमधून ती आधीच बाजूला काढा. फुफ्फुसं स्वच्छ असतील तर २५० मिली सलाईन देऊन पुन्हा तपासा. एव्ही नोडही बहुधा याच रक्तवाहिनीवर जगतो, म्हणून ॲट्रोपिन आणि पेसिंगचे पॅड हाताशी हवेत. नक्की कोणती वाहिनी ते अँजिओग्राफीतच कळेल, पण तिकडे पाठवायची तयारी त्यासाठी थांबवू नका.

व्ही१ सपाट दिसला म्हणून व्ही४आर मात्र टाळू नका. मागची भिंतही गेली असेल तर ती व्ही१ला खाली ओढते आणि उजव्या व्हेंट्रिकलची उंची तिथे झाकली जाते.