मसाल्याच्या पाकिटाचा फोटो पाहून निकाल देताय? या चुका टाळा

‘हे डुप्लिकेट आहे का?’ असं विचारत कुणीतरी मिरची पावडरच्या पाकिटाचा फोटो पाठवतं. लाल अक्षरांच्या कडेला निळसर रेघ दिसते आणि चार जण लगेच सांगून मोकळे होतात की माल बनावट आहे. फोटोतून छपाई आणि सील याबद्दल बरंच कळू शकतं, पण फोटो नीट काढला असेल तरच. पाकिटात काय भरलंय हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याला फोटोचा काहीच उपयोग नाही. आधी फोटोतून जे कळतं तिथल्याच चुका पाहू.

कडेला रेघ दिसली म्हणजे छपाई हलली, असं धरू नका

पाकिटाची फिल्म बहुतेक वेळा ग्रॅव्ह्युर पद्धतीने, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने छापतात. प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा असतो आणि सगळे रंग एकमेकांवर अचूक बसले म्हणजे रजिस्टर जुळलं. एखादा रंग सरकला तर अक्षराच्या एका बाजूला त्या रंगाची कड डोकावते आणि समोरच्या बाजूला बारीक फट राहते. ही सरक आसपासच्या सगळ्या अक्षरांत एकाच दिशेला असते. एका अक्षराला डावीकडे आणि शेजारच्याला उजवीकडे कड दिसत असेल, तर दोष छपाईत नाही, दुसरीकडे शोधायला हवा.

तो बऱ्याचदा फोनमध्ये सापडतो. लेन्समुळे फ्रेमच्या कोपऱ्यांकडे निळी-जांभळी झालर येते. शिवाय व्हॉट्सॲपवर फोटो लहान होताना उजेड-अंधाराचा तपशील बराचसा टिकतो, रंगाचा तपशील मात्र विरळ होतो. हिरव्या किंवा पिवळ्या पार्श्वभूमीवरची लाल अक्षरं त्यामुळे ओघळल्यासारखी दिसतात. म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. तेवढ्यानेच निम्मी शंका मिटते.

उरलेली शंका फिरवून पाहण्याने मिटते. समजा ब्रँडचं नाव फ्रेमच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात आहे आणि अक्षरांच्या डाव्या कडेला निळी रेघ आहे. आता पाकीट उलटं फिरवा, म्हणजे वरची बाजू खाली आणा, आणि सरकवून नाव पुन्हा त्याच कोपऱ्यात आणा. उजेड आणि अंतर बदलू नका. दुसऱ्या फोटोतही रेघ फ्रेमच्या डाव्याच बाजूला राहिली तर ती लेन्सची. अक्षरांबरोबर फिरून ती फ्रेमच्या उजव्या बाजूला गेली तर ती खरंच छापलेली आहे.

ती छापलेली निघाली तरी ‘बनावट’ हा शब्द लगेच वापरू नका. मोठ्या ब्रँडची फिल्म एकाहून अधिक ठिकाणी छापली जाऊ शकते, आणि रोलच्या सुरुवातीचा न जुळलेला भाग कधीकधी चुकून भरणीला जातो. त्याच वजनाचं, जवळच्याच पॅकिंग तारखेचं, खात्रीच्या दुकानातलं पाकीट शेजारी ठेवून मगच बोला. अख्खं चित्र वर-खाली सरकून कापलं गेलं असेल तर तो भरणी मशीनचा दोष आहे. फिल्मच्या कडेची खूण सेन्सरने नीट वाचली नाही की कटाई चुकते, त्यात रंगांच्या रजिस्टरचा संबंध नसतो. तारीख आणि बॅच नंबर तर बहुधा भरणीच्या वेळी वेगळ्या प्रिंटरने मारतात. ते तिरके असणं हा कसलाच पुरावा नाही. ते वाचता न येणं ही मात्र तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे.

सीलचा फोटो समोरून, फ्लॅश मारून काढू नका

चकचकीत फिल्मवर फ्लॅश पडला की सगळं पांढरं होतं. उजेड बाजूने आणि खालून, सीलला जवळजवळ समांतर येऊ द्या, म्हणजे सीलवरच्या खाचांची सावली पडते. खाचा कुठे पुसट झाल्या तर तिथे दाब किंवा उष्णता कमी पडली असण्याची शक्यता आहे.

मसाल्यात खरा त्रास सीलमध्ये अडकलेल्या पावडरीचा असतो. भरताना बारीक धूळ उडते, फिल्मच्या आतल्या बाजूला चिकटते, आणि तिथे प्लास्टिक प्लास्टिकला नीट वितळून मिळत नाही. फिल्म पारदर्शक असेल तर फोटोत सीलच्या पट्ट्यात लालसर रेघ दिसते. ती आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत सलग गेली असेल तर हवा आणि ओल आत जायला वाट असू शकते. अर्ध्यात थांबली असेल तर धोका कमी.

गळती मात्र फोटोत सिद्ध होत नाही. पाकीट बादलीतल्या पाण्यात बुडवून हलकेच दाबा. एकाच जागेवरून बुडबुडे येत राहिले तर सील गेलं. बुडबुडे आले नाहीत म्हणून सील पक्कं ठरत नाही, कारण फार बारीक छिद्र असं सापडत नाही. लॅबला पाठवायच्या पाकिटावर हा प्रयोग करू नका.

रंग एकसारखा दिसला म्हणून माल चांगला, असं समजू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फोन पांढऱ्या रंगाचा अंदाज स्वतःच बांधतो. अख्ख्या फ्रेममध्ये हळदच असेल तर तो पिवळा रंग मारून टाकतो. मिरचीच्या बाबतीत गडद लाल रंग सेन्सरच्या मर्यादेबाहेर जातो आणि खरखरीत पावडरही सपाट, एकसारखी दिसते. म्हणून खिडकीजवळच्या सावलीत, पांढऱ्या कागदावर, दोन्ही नमुने एकाच फ्रेममध्ये ठेवा आणि एक्स्पोजर थोडं कमी करा. दोन वेगवेगळ्या फोटोंतल्या रंगांची तुलना करूच नका.

एवढं करूनही रंगाचा अर्थ उलटा निघू शकतो. पारदर्शक खिडकीच्या बाजूची मिरची फिकट आणि आतली लाल असेल, तर बहुधा माल उजेडात पडून जुना झालाय, भेसळ झालेली नाही. याउलट हळदीचा तेजस्वी, एकसारखा पिवळा रंग लेड क्रोमेटचाही असू शकतो. बांगलादेशात हळकुंडं उजळ दिसावीत म्हणून हे शिसंयुक्त रंगद्रव्य चोळलं जात होतं. 2019 मध्ये तिथल्या बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं सापडलं. नंतर कडक कारवाई झाली आणि 2021 मध्ये हे प्रमाण शून्यावर आलं. तेव्हा फोटोत सगळ्यात देखणी दिसणारी हळदच सगळ्यात घातक असू शकली असती.

लॅबला ‘शुद्ध आहे का?’ एवढंच विचारू नका

अशी कुठली एक चाचणी नसते. हळदीसाठी शिशाचं प्रमाण आणि लेड क्रोमेट, मिरचीसाठी सुदान हे कृत्रिम लाल रंग आणि अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष, वाळू-मातीची शंका असेल तर आम्लात न विरघळणारी राख, असं नावानिशी मागा. हळदीत शिशाची भारतातली मर्यादा किलोमागे 10 मिलिग्रॅम आहे. घरी ॲसिड टाकून पाहण्यातून मेटॅनिल येलो या कृत्रिम पिवळ्या रंगाचा इशारा मिळतो, पण शिसं किती ते कळत नाही. एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँगने काही भारतीय मसाल्यांची विक्री थांबवायला लावली. कारण होतं इथिलीन ऑक्साइड, म्हणजे जंतू मारायला वापरला जाणारा वायू. त्याला पाकिटावर खूण नसते आणि पावडरीत रंग नसतो, ते उपकरणातच सापडतं. युरोपीय संघात मसाल्यांसाठी त्याची मर्यादा किलोमागे 0.1 मिलिग्रॅम इतकी कमी आहे.

नमुना न उघडलेला पाठवा, आणि एकाच बॅचची किती पाकिटं लागतील ते लॅबला आधी विचारा. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 खाली ग्राहक स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. अट एवढीच की तपासणीचा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. अहवालात माल नियमात बसत नाही असं ठरलं तर फी परत मिळते. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या NABL या संस्थेच्या मान्यतेची खासगी लॅब निवडली तर तुम्हाला हवी ती चाचणी त्यांच्या मान्यतेच्या यादीत आहे का ते पाहा.

पाकीट पाठवण्याआधी बॅच नंबर, तारखा आणि 14 अंकी FSSAI परवाना क्रमांक यांचे स्पष्ट फोटो काढा. बिल आणि त्याच बॅचचं एक बंद पाकीट घरी ठेवा. अहवाल त्या नमुन्यापुरताच असतो आणि कंपनीने तो नाकारला, तर पुन्हा तपासायला तेच पाकीट लागेल.