परदेशी गिऱ्हाइकाला पेमेंटचं पत्र इन्व्हॉइससोबतच पाठवा

इन्व्हॉइस २,४०० डॉलरचं आणि खात्यात येतात २,३७०, मधल्या बँका आपापला चार्ज कापून घेतात आणि मग त्या फरकाचा हिशोब बँकेला देत बसा. समजा सोलापूरचे टॉवेल जर्मनीला चाललेत, तर इन्व्हॉइससोबतच छोटं पत्र जोडायचं, त्यात एवढं लिहा:

१. पूर्ण बिल बँक वायरने पाठवा, फॉर्मवर चार्जेसच्या जागी OUR निवडा, म्हणजे सगळे चार्ज पाठवणारा भरतो. SHA, म्हणजे चार्ज दोघांत वाटून, ठेवलं की मधली कापाकापी आपल्या माथी, म्हणून हे ठळक लिहा. OUR चा खर्च तुम्हाला परवडत नसेल तर आधी सांगा, भावातच धरू, असंही गिऱ्हाइकाला लिहा.

२. ८०-१०० डॉलरच्या सॅम्पलसाठी पेपाल चालेल. ते टक्क्यात कापतात आणि रुपयात बदलताना वेगळं, मोठ्या बिलाला झेपत नाही.

३. वेस्टर्न युनियनने नको. भारतात ते घरगुती पैशांसाठीच आहे, मालाचे पैसे त्यातून घेता येत नाहीत (गिऱ्हाईक हमखास हेच सुचवतं!).

४. रेफरन्समध्ये इन्व्हॉइस नंबर टाका, आणि पैसे इन्व्हॉइसवर ज्या कंपनीचं नाव आहे तिच्याच खात्यातून यावेत, भावाच्या नाही.

आपल्या बाजूने बँकेला पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे आले ते सांगणारा कोड, सांगायचा, माल जायच्या आधीचा अ‍ॅडव्हान्स असेल तर P0103.

एक सांभाळा, पत्रात शेवटी लिहाच की आमचा खाते नंबर ईमेलने कधीच बदलणार नाही, तसा मेल आला तर आधी फोन करा.