एकाच चालीनं अर्धमॅरेथॉन: किलोमीटरच्या दगडांवरची १२ आठवड्यांची तयारी

अर्धमॅरेथॉन म्हणजे २१.१ किलोमीटर. वावरात दिवसभर राबणाऱ्याला हे अंतर काही फार वाटत नाही. पण वावरातलं चालणं थांबत-वाकत होतं, आणि इथं न थांबता चार तास एका लयीत चालायचं असतं. तयारी करायची ती या लयीची.

नाव नोंदवण्याआधी शर्यत किती तासांनी बंद होते ते विचारून घ्या. साडेतीन तासांची मर्यादा असेल तर किलोमीटरला १० मिनिटं ही चालसुद्धा मिनिटभरानं कमी पडते. चालणाऱ्यानं चार तास किंवा त्याहून जास्त वेळ देणारी शर्यत निवडलेली बरी. शर्यत जानेवारीत असेल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरुवात करा. बीपी, शुगर किंवा छातीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आपली चाल मोजा. महामार्गावर पिवळ्या डोक्याचे आणि राज्य मार्गावर हिरव्या डोक्याचे किलोमीटरचे दगड असतात. बऱ्याच ठिकाणी मधे दर २०० मीटरवर छोटे दगडही असतात. फाट्यापासून चार किलोमीटर नेहमीच्या दमदार चालीनं चाला आणि घड्याळ बघा. चालताना पूर्ण वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा जोर पुरे.

समजा, एका अंगणवाडीताईंना चार किलोमीटरला ४६ मिनिटं लागली. म्हणजे किलोमीटरला साडेअकरा मिनिटं. या चालीनं २१.१ किलोमीटरला ४ तास आणि वर जवळपास ३ मिनिटं लागतील, आणि त्यांची शर्यत चार तासांना बंद होते. त्यांनी ११ मिनिटांची चाल धरली तर ३ तास ५२ मिनिटांत होतं, आणि पाणी प्यायला आठेक मिनिटं हाती राहतात. सव्वाअकरानंही जमतं, पण तेव्हा शिल्लक अडीच मिनिटांचीच. लघवीला थांबलं की ती संपली! म्हणून त्यांनी ११ धरावी: दोन छोट्या दगडांमध्ये २ मिनिटं १२ सेकंद.

आठवडा असा लावा. मंगळवारी आणि शुक्रवारी चार-पाच किलोमीटर आरामात. बुधवारी वेगाचा सराव: थोडं अंगातलं अवघडलेपण गेल्यावर पाच छोटे दगड प्रत्येकी दोन मिनिटांत, मग दोन छोटे दगड सावकाश, आणि हे तीनदा. इथं बहुतेक जण लांब ढांगा टाकतात आणि आठवड्याभरात नडगी दुखायला लागते. वेग वाढवायचा तो पावलं छोटी ठेवून, भरभर टाकून. कोपर वाकवून हात झपाझप हलवले की पाय आपोआप त्यांच्या मागे येतात.

रविवारी लांबचं चालणं. आठवड्यांप्रमाणे अंतर ६, ७, ९, ७, १०, १२, १४, १०, १६, १८, १० किलोमीटर आणि बाराव्या आठवड्यात शर्यत. मधले कमी अंतराचे रविवार गाळू नका, पाय त्याच आठवड्यांत सावरतात. पूर्ण २१ आधी चालून बघायची गरज नाही.

रविवारी प्रत्येक किलोमीटरची वेळ टिपून ठेवा. पहिले दोन किलोमीटर मुद्दाम १५-२० सेकंद हळू काढा. उत्तरार्धात चाल किलोमीटरमागे अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ढासळली, तर पुढच्या रविवारी अंतर वाढवू नका, तेच पुन्हा चाला. नवव्या आठवड्यापासून शेवटचे पाच किलोमीटर ठरवलेल्या चालीनं, म्हणजे ताईंच्या बाबतीत ५५ मिनिटांत, काढायला शिका.

रस्ता आणि पाणी. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजव्या कडेनं चालतो, ते बरोबरच आहे. पण डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. जाताना-येताना दोन्ही वेळा उजवाच पाय खाली पडतो. १२-१४ किलोमीटरनंतर एकाच बाजूचा खुबा किंवा घोटा दुखायला लागला तर कारण बहुधा हेच. अशा वेळी कडेच्या सपाट मुरमावर उतरा, नाहीतर रहदारी नसलेला गावरस्ता धरा. पांदण मात्र नको. पावसानंतर काळी माती बुटाला चिकटते आणि वाळल्यावर ढेकळांत घोटा मुरगळतो.

पहाटे अंधारात निघत असाल तर फिकट कपडे घाला आणि टॉर्च घ्या. दीड तासापेक्षा जास्त चालायचं असेल तर नुसतं पाणी पुरत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवा, चमचा चहाचा. तहानेप्रमाणे घोट-घोट घ्या, एकदम ढसाढसा पिऊ नका. चक्कर, मळमळ किंवा अंगावर काटा आला, तर त्या दिवशीचं चालणं तिथंच थांबवून सावलीत बसा.

मांड्यांना खोबरेल तेल लावा. मोजे सुती नकोत, घामानं ओले राहतात आणि टाचेला फोड येतात. नवे बूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, १६ आणि १८ किलोमीटरच्या रविवारी तेच पायात असू द्या. अंगठ्यापुढे अर्धं बोट जागा हवी, नाहीतर नख काळं पडतं.